आईच्या टेबलावरच्या तीन बाटल्या: मल्टीव्हिटॅमिन कोणतं, एकाच व्हिटॅमिनचा मोठा डोस कोणता, आणि जडीबुटीचं टॉनिक कोणतं?

मेघा_सिद्धेश्वरपेठ (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात असते, आई (वय ६७) सोलापुरात एकटीच. आज घरी आले तर जेवणाच्या टेबलावर औषधांचा बाजार मांडलेला. एक पांढरी प्लास्टिकची डबी, गोळ्यांची. एक ४५० मिलीची तपकिरी टॉनिकची बाटली. आणि करंगळीएवढ्या ५ मिलीच्या बाटल्या, लिंबाच्या चवीचं पाणी असतं तसलं काहीतरी. त्यातल्या सहा रिकाम्या.

आई म्हणाली, "तिन्ही ताकदीचीच आहेत. सकाळी नाश्त्यानंतर एकदम घेऊन मोकळी होते. ती लहान बाटली चांगली लागते, संपत आलीय, दोन खोकी आण."

लहान बाटल्यांचं खोकं तिनं आल्या दिवशीच रद्दीत टाकलं. डॉक्टरांची चिठ्ठी सापडत नाही. बाटलीवरचं स्टिकर नखाएवढं आहे, मोबाइलनं फोटो काढून मोठा केला तेव्हा कुठे वाचता आलं. तिन्हींवर काय आहे ते टाइप करते:

पांढरी डबी: पुढे मोठ्या अक्षरात ब्रँड, खाली "हेल्थ सप्लिमेंट" आणि "नॉट फॉर मेडिसिनल यूज". मागे २३ ओळींचा तक्ता. त्यात व्हिटॅमिन डी १० मायक्रोग्रॅम.

लहान बाटली: "ईच ५ एमएल कंटेन्स: कोलेकॅल्सिफेरॉल आयपी ६०,००० आययू". बास, एवढंच. खाली "अ‍ॅज डायरेक्टेड बाय द फिजिशियन".

तपकिरी बाटली: "आयुर्वेदिक प्रोप्रायटरी मेडिसिन", आणि "ईच १० एमएल प्रिपेअर्ड फ्रॉम" म्हणून १४ लॅटिन नावं.

शिवाय ती बीपीची एक गोळी घेते आणि गुडघ्यांसाठी कॅल्शियमची. हे सगळं एकत्र चालतं का? आणि पुढच्या वेळी मेडिकलमध्ये उभ्या उभ्या कोणतं काय हे ओळखायचं कसं?

---

पाटील_होटगीरोड (९:५२)

ताई, मुलगा १९ वर्षांचा आहे, कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही. त्याला यातलं कोणतं टॉनिक सुरू करावं? तपकिरी बाटलीचं नाव कळवा.

---

कडक_भाकरी (१०:०५)

पाटीलसाहेब, इथं लोकांची आई काळजीत आहे आणि तुम्ही पोराचं वजन वाढवायलाय होय!

मेघाताई, सोपं आहे. लेबलावर सगळ्यात मोठा आकडा ज्याचा, तो हाय डोस. ६०,००० म्हणजे जबरदस्तच. पण माझ्या बी-१२ च्या गोळीवर १५०० लिहिलंय, ती पण भारी डोसच म्हणायची. मी रोज घेतो, आता मलाच भीती वाटायलीय. आणि ज्यावर हिरवा ठिपका ते जडीबुटीचं, त्याची काळजी करायची नाही.

---

मेडिकलमामा (१०:२२)

मेघाताई, बाकीचं नंतर. लहान बाटली आजपासून बंद, आणि उद्या रविवार असला तरी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. ती ६०,००० ची बाटली बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा घ्यायला दिलेली असते. आईंनी ती रोज एक अशी घेतलीय का, हे आत्ताच विचारून सांगा. बीपीच्या गोळीच्या पट्टीवर मागे काय लिहिलंय तेही बघा, "क्लोरथॅलिडोन" किंवा "हायड्रोक्लोरोथायाझाइड" असा शब्द आहे का ते. तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, सारखं लघवीला जाणं, यातलं काही होतंय का तेही विचारा.

---

मेघा_सिद्धेश्वरपेठ (१०:४१)

हो. सोमवार ते शनिवार, रोज एक. बीपीच्या पट्टीवर टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन १२.५ आहे. पोट साफ होत नाही म्हणते. तहानेचं काय सांगू, इथं एप्रिलात तहान कोणाला लागत नाही? मळमळ नाही.

आता घाबरले मी.

---

मेडिकलमामा (११:१०)

घाबरून पळापळ करायची वेळ नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. आता सविस्तर लिहितो. विजापूर रोडला माझं मेडिकल आहे, २६ वर्षं काउंटरवर उभा आहे, आणि ही चूक वर्षातून दोन-तीनदा तरी समोर येते.

कुठलीही बाटली हातात घेतली की पुढची बाजू बघूच नका. पुढे वाघ, डोंगर, हसणारं कुटुंब, काहीही असतं. बाटली फिरवा आणि "ईच टॅब्लेट कंटेन्स", "ईच ५ एमएल कंटेन्स" असं जिथून सुरू होतं तिथं बोट ठेवा. त्याच्या खाली किती ओळी आहेत ते मोजा. तुमच्या डबीवर २३ ओळी: ए, बी गटातली सगळी, सी, डी, ई, मग लोह, झिंक वगैरे. हे मल्टीव्हिटॅमिन. लहान बाटलीवर कामाची एकच ओळ. एकच ओळ म्हणजे एकच व्हिटॅमिन, आणि एकट्या व्हिटॅमिनची बाटली डॉक्टर बहुतेक कमतरता भरून काढायला देतात, म्हणून तिचा आकडा रोजच्या गरजेच्या कितीतरी पट असू शकतो.

ते कोलेकॅल्सिफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन डीच. आता तुमच्याच दोन बाटल्यांवरचं डी शेजारी ठेवा. एकावर १०, दुसरीवर ६०,०००. पण एक मायक्रोग्रॅममध्ये आहे, दुसरं आययूमध्ये. डीच्या बाबतीत १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. म्हणजे डबीतल्या गोळीत ४०० आययू. आईंनी सहा दिवसांत घेतलं ३,६०,००० आययू. तेवढं डी त्या डबीतून पोटात जायला ९०० दिवस लागले असते, जवळजवळ अडीच वर्षं.

डी पाण्यात विरघळून लघवीवाटे निघून जात नाही. ते चरबीत साठतं आणि आठवडे-महिने हळूहळू बाहेर येत राहतं. म्हणून आज बाटली बंद केली तरी परिणाम लगेच थांबत नाही. ते आतड्यातून जास्त कॅल्शियम ओढून घेतं. त्यात आई कॅल्शियमची गोळीही घेतायत. आणि क्लोरथॅलिडोन लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवून धरतं. एकाच दिशेला ढकलणाऱ्या तीन गोष्टी एकदम. डॉक्टरांना हे तिन्ही सांगा, नुसतं "व्हिटॅमिन जास्त झालं" म्हणाल तर ते बीपीच्या गोळीचं विचारायचे राहून जातील. ती गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

---

कडक_भाकरी (११:१८)

मामा, माझ्या १५०० चं काय मग?

---

मेडिकलमामा (११:३३)

तुझ्या गोळीवर मिथाइलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅम असेल. गंमत बघ. ६०,००० आययू डी म्हणजे बरोबर १५०० मायक्रोग्रॅम. वजनानं तुझी गोळी आणि मेघाताईंची लहान बाटली तंतोतंत सारखी, दीड मिलिग्रॅम. पण तुझी गोळी डॉक्टर रोज देतात आणि ती बाटली आठवड्याला. बी-१२ पाण्यात विरघळणारं आहे, एवढ्या मोठ्या गोळीतलं थोडंसंच अंगात शिरतं, उरलेलं वाया. म्हणून नुसता आकडा मोठा की लहान हे बघून काही कळत नाही. कोणतं व्हिटॅमिन, कोणतं एकक आणि किती दिवसांनी, हे तिन्ही कळल्याशिवाय आकडा मुका असतो.

आणि तो हिरवा ठिपका म्हणजे फक्त शाकाहारी, त्याचा जडीबुटीशी काही संबंध नाही. बिस्किटाच्या पुड्यावरही असतो.

---

शेंगाचटणी (११:४५)

मला वाटतं मामा जरा जास्तच घाबरवताहेत. माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी डीचं ६ लाखांचं इंजेक्शन एका दमात दिलं होतं. काही झालं नाही. इथं तर साडेतीन लाखच गेलंय.

---

मेडिकलमामा (रविवार, सकाळी ७:५०)

तुमचं अर्धं बरोबर आहे. ६ लाखांची इंजेक्शनं असतात आणि दिलीही जातात. पण तुमच्या सासूबाईंना ते देताना डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला असेल, आणि एकदा दिल्यावर पुढचे काही महिने थांबले असतील. इथं आई थांबणार नव्हत्या, आणखी दोन खोकी मागवत होत्या. मेघाताई महिनाभर उशिरा आल्या असत्या तर हाच आकडा २१ लाखांवर गेला असता. सहाव्या दिवशी सापडलं म्हणून मी रात्री "पळापळ नको" लिहिलं.

---

नलिनी_कुलकर्णी (सकाळी ८:१५)

डीची चर्चा चांगली झाली, पण तपकिरी बाटलीचं कोणीच बोलत नाही. आयुर्वेदिक टॉनिकमध्ये आययू नसतो, मिलिग्रॅमचा जाच नसतो. आमच्याकडे तीन पिढ्या घेतात. ते तिन्हींत सगळ्यात निर्धास्त. मेघा, ते बंद करू नकोस.

---

मेघा_सिद्धेश्वरपेठ (सकाळी ९:०५)

डॉक्टरांशी बोलले. लहान बाटली आणि कॅल्शियम दोन्ही बंद, आज सकाळी रक्त दिलं: कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि डी.

नलिनीताई, तपकिरी बाटलीवरची नावं नीट वाचली. पहिलं विथानिया सोम्निफेरा, म्हणजे अश्वगंधा, पुढे कंसात "रूट" आणि ५०० एमजी. मग अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस, म्हणजे शतावरी. सहावं ग्लिसिरायझा ग्लॅब्रा, रूट, १०० एमजी. शेवटी "शुगर बेस क्यू. एस." मला यातलं व्हिटॅमिन कुठं दिसत नाही.

---

मेडिकलमामा (सकाळी १०:३०)

दिसणारच नाही, कारण त्यात व्हिटॅमिन म्हणून काही घातलेलंच नाही. "टॉनिक" हा शब्द आपण सगळ्यालाच लावतो, तिथंच गल्लत होते. झाडाचं लॅटिन नाव, त्याचा कोणता भाग, म्हणजे मूळ, साल की फळ, आणि तो किती घेतला, असं दिसलं की ती जडीबुटीची बाटली समजायची. आयुर्वेदिक औषधाला तसं लेबलावर लिहावंच लागतं.

नीट बघा, तुमच्या बाटलीवर "कंटेन्स" नाही, "प्रिपेअर्ड फ्रॉम" आहे. म्हणजे १० मिली बनवायला ५०० मिलिग्रॅम अश्वगंधेचं मूळ घेतलं. त्यातलं काढ्यात किती उतरलं हे त्या शब्दांवरून कळत नाही. दुसऱ्या बाटलीवर "एक्स्ट्रॅक्ट ५०० एमजी" असलं तर ती वेगळी गोष्ट, तिथं आटवलेला अर्क आहे. दोन्हींवर ५०० दिसतं म्हणून दोन्ही सारखी नव्हेत.

नलिनीताई, आयुर्वेदाला नावं ठेवायची नाहीत मला, माझ्या घरीही च्यवनप्राश असतो. पण आययू नाही म्हणून हिशेबच नाही असं होत नाही. ते सहावं नाव, ग्लिसिरायझा ग्लॅब्रा, म्हणजे आपलं ज्येष्ठमध. जास्त दिवस आणि जास्त मात्रेत घेतलं तर ते बीपी चढवतं आणि रक्तातलं पोटॅशियम खाली आणतं. क्लोरथॅलिडोनही पोटॅशियम खाली आणतं. १०० मिलिग्रॅममध्ये तेवढं होईल का? मला तरी अवघड वाटतं. पण बीपीच्या माणसाला मी काउंटरवरून ती बाटली हातात देणार नाही, डॉक्टरांना विचारून या म्हणेन.

---

नलिनी_कुलकर्णी (सकाळी १०:५२)

१०० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटही नाही. खोकला झाला की आपण याच्यापेक्षा जास्त ज्येष्ठमध चघळतो. मला हे पटत नाही, पण बीपीच्या गोळीचं लक्षात आलं नव्हतं, हे मान्य.

---

यंत्रमाग_अशोकचौक (दुपारी १:२०)

मेघाताईंनी "शुगर बेस क्यू. एस." लिहिलंय त्यावरून माझं सांगतो. वडील कारखान्यात माग चालवायचे, आता घरी. साखर आहे, गोळ्या चालू. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून अशक्तपणावर एक टॉनिक आणलं. आम्ही घरात तेलुगू बोलतो, लेबलाचं इंग्रजी कोण वाचतंय. वडील रोज दोन वेळा १५-१५ मिली घ्यायचे. महिन्यानं उपाशीपोटीची साखर १४० ची १९० झाली. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. पुतणीनं बाटली बघितली तेव्हा तिनं विचारलं, आजोबा, हे तर सरबतच आहे की.

त्या क्यू. एस. चा अर्थ काय? किती साखर असते?

---

मेडिकलमामा (दुपारी २:०५)

क्यू. एस. म्हणजे "लागेल तेवढं". बाटली भरायला जेवढं लागलं तेवढं घातलं, आकडा छापलेला नाही. म्हणून किती साखर हे मीही सांगू शकत नाही, पण पातळ टॉनिक गोड आणि चिकट असलं तर ती कमी नसते. साखरेच्या माणसाला क्यू. एस. च्या आधीचा शब्द वाचायला सांगतो. तिथं "शुगर", "सिरप" किंवा "गूळ" असलं की बाटली परत ठेवायची.

आणखी एक, आसव-अरिष्ट असलं तर लेबलावर "सेल्फ जनरेटेड अल्कोहोल" असं टक्क्यांत लिहिलेलं असतं. ते मुद्दाम मिसळलेलं नसतं, आंबवताना आपोआप तयार होतं. पण लिव्हरचा त्रास असलेल्या माणसाला तेही सांगावं लागतं.

---

कडक_भाकरी (दुपारी २:३०)

मग परवाना क्रमांक बघून नाही का कळत? मी ऐकलं होतं की एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर असला की ते मल्टीव्हिटॅमिन, आणि ड्रग लायसन्स असलं की हाय डोस.

---

मेडिकलमामा (दुपारी ३:१०)

निम्मं खरं. १४ आकडी नंबर आणि "हेल्थ सप्लिमेंट" असेल तर ते अन्न म्हणून विकलं जातं, त्यावर साधारण रोजच्या गरजेच्या आसपासच्या मात्रा असतात आणि शेजारी आरडीएचे, म्हणजे रोजच्या गरजेचे टक्केही असतात. मेघाताईंची डबी त्यातली. पण औषधाच्या परवान्यावर बनलेल्या मल्टीव्हिटॅमिनच्या कॅप्सूलही माझ्या दुकानात चिकार आहेत. तीच बी-कॉम्प्लेक्स, तीच डी. मल्टी की एकटं हे परवाना सांगत नाही, आतल्या ओळी सांगतात.

आणि मधलेही असतात. नावात "हेअर" किंवा "स्किन" लिहिलेली डबी, ओळी वीसेक, पण त्यात बायोटिन १० मिलिग्रॅम, म्हणजे बाकी सगळं रोजचं आणि एकटी ओळ डोंगराएवढी. टक्क्यांचा रकाना असेल तर तिथं इतरांपुढे १००-२०० आणि बायोटिनपुढे हजारांत आकडा दिसतो. थायरॉइडची तपासणी करणाऱ्यांनी ती डबी लॅबवाल्याला आधी सांगावी, एवढ्या बायोटिननं काही लॅबचे थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येतात. कॅल्शियमच्या गोळीतही डी असतं, बहुतेक २५० आययू, तेही जमेत धरायचं.

---

पाटील_होटगीरोड (दुपारी ३:२५)

म्हणजे मुलाला हेअरवालं नको. बरं.

---

मेघा_सिद्धेश्वरपेठ (सोमवार, संध्याकाळी ६:१५)

रिपोर्ट आले. कॅल्शियम १०.६, लॅबची मर्यादा ८.५ ते १०.५. क्रिएटिनिन नॉर्मल. डीचा रिपोर्ट उद्या येईल. डॉक्टर म्हणाले, थोडंसंच वर आहे, दाखल वगैरे करायची गरज नाही. भरपूर पाणी, डी आणि कॅल्शियम बंद, क्लोरथॅलिडोनवाली गोळी बदलून दुसरी दिली, दोन आठवड्यांनी पुन्हा कॅल्शियम. पांढरी डबीही तोवर बंद ठेवा म्हणाले, ४०० का होईना, डीच. टॉनिकचं लेबल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, "सध्या नको" एवढंच उत्तर आलं. ज्येष्ठमधामुळे की उगाच नको म्हणून, ते विचारायचं राहिलं.

चिठ्ठी शेवटी देवघरात, पंचांगात सापडली. त्यावर स्वच्छ लिहिलंय: "१ / आठवडा x ८". मेडिकलवाल्यानं तेच खोक्यावर पेनानं लिहून दिलं होतं म्हणे. खोकं रद्दीत गेलं आणि सूचना त्याच्याबरोबर गेली.

---

शेंगाचटणी (सोमवार, संध्याकाळी ६:४०)

१०.६ म्हणजे ०.१ नं वर. बघा, मी म्हटलं होतं.

---

मेडिकलमामा (सोमवार, रात्री ८:०५)

सहा बाटल्यांना ०.१. आणि सासूबाईंच्या इंजेक्शननंतर कॅल्शियम कोणी मोजलं होतं का, ते एकदा विचारा.

मेघाताई, दोन उरलेल्या बाटल्या आईंच्या नजरेआड ठेवा, पुढे डॉक्टर म्हणाले तरच काढा. आणि पुन्हा सुरू झाल्याच तर खोक्यावर लिहू नका, बाटलीलाच चिकटपट्टी लावून त्यावर वार लिहा. आई कधी सिद्धेश्वराला जातात?

---

मेघा_सिद्धेश्वरपेठ (सोमवार, रात्री ८:२०)

सोमवारी. आजही जाऊन आली, पाणी पीत पीत.

---

मेडिकलमामा (सोमवार, रात्री ८:२४)

मग पट्टीवर "सोमवार, देवळातून आल्यावर" असं लिहा. आणि मराठीत लिहा.